क्राउडफंडिंगचं उद्दिष्ट किती ठेवायचं? मिरजेच्या एका पुस्तकाचा पूर्ण हिशेब

पुस्तकाला तीन लाख लागतील म्हणून उद्दिष्ट तीन लाख ठेवलं, तेवढे जमलेही, आणि छपाईचं बिल भागवून पुस्तकं कुरिअरला द्यायची वेळ आली तेव्हा खात्यात काहीच उरलं नाही. क्राउडफंडिंगमध्ये, म्हणजे इंटरनेटवर मोहीम काढून अनेकांकडून थोडेथोडे पैसे जमवण्यात, पहिल्यांदा उतरणाऱ्यांचा हिशेब असा चुकतो, कारण जमलेली रक्कम आणि हातात येणारी रक्कम एकच असते असं ते धरून चालतात. शिवाय प्रत्येक सहभागी पैशाबरोबर एक खर्चही घेऊन येतो, हेही सुटतं.

इथे एकच उदाहरण शेवटपर्यंत नेलं आहे. मिरजेत एक छोटा गट तंबोरा आणि सतार घडवणाऱ्या कारागिरांवर छायाचित्रांचं मराठी पुस्तक काढतो आहे. (२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामुळे विषयाला वाचक आहेत.) गट आणि आकडे उदाहरणासाठी धरलेले आहेत. तुमच्या छापखान्याचं आणि कुरिअरवाल्याचं कोटेशन हातात आलं की तेच आकडे बदलून हिशेब पुन्हा करायचा.

आधी हे ठरवा: ही देणगी आहे की आगाऊ विक्री

पैसे देणाऱ्याला पुस्तक मिळणार असेल तर ती आगाऊ विक्रीच. मराठी प्रकाशकांची प्रकाशनपूर्व नोंदणी असते तोच हा प्रकार, फक्त इंटरनेटवर आणि अंतिम तारखेसह. म्हणून देणगीवर आयकरात सवलत मिळवून देणारी ८०जीची पावती कुणी मागितली तर ती देता येत नाही, हे मोहिमेच्या पानावर आधीच लिहून टाका. ‘पुस्तकाच्या नफ्यात वाटा’ असलं आश्वासन चुकूनही देऊ नका. नफ्यातल्या वाट्याच्या बदल्यात लोकांकडून जाहीरपणे पैसे गोळा करणं हा गुंतवणुकीच्या कायद्याचा प्रांत आहे आणि तिथे सेबी येते.

किकस्टार्टर या अमेरिकी क्राउडफंडिंग प्लॅटफॉर्मचं नाव बहुतेकांना माहीत असतं, पण तिथे मोहीम सुरू करता येणाऱ्या देशांत भारत नाही. भारतातून पैसे देता येतात, मागता येत नाहीत. तेव्हा भारतात नोंदलेला, रुपयांत पैसे घेणारा प्लॅटफॉर्म निवडावा लागतो. आजाराच्या उपचारांसाठी मदत गोळा करणारे प्लॅटफॉर्म आपल्याकडे जास्त प्रसिद्ध आहेत, पण पुस्तकाच्या मोहिमेला वेगवेगळ्या किमतीच्या भेटी, म्हणजे पैशाच्या बदल्यात द्यायच्या वस्तू, लावण्याची सोय असलेला हवा. ती आहे का, हे फीच्या आधी बघा.

पुस्तकाचं वजन काढा

बजेट पैशापासून सुरू करावं असं वाटतं, पण वस्तू टपालाने जाणार असेल तर सुरुवात वजनापासून करावी. कुरिअरचा दर बहुधा ५०० ग्रॅमच्या टप्प्याने चढतो. ४९० ग्रॅमचं पाकीट आणि ५१० ग्रॅमचं पाकीट यांच्या दरात चांगलाच फरक पडतो, आणि तो फरक शेकडो वेळा भरायचा असतो.

आपलं पुस्तक २४ बाय १८ सेंटिमीटर आणि १४४ पानांचं आहे, म्हणजे दोन्ही बाजूंनी छापलेली कागदाची ७२ पत्रं. एका पत्राचं क्षेत्रफळ ०.०४३२ चौरस मीटर, ७२ पत्रांचं ३.११ चौरस मीटर. छापखान्याने १३० जीएसएमचा आर्ट पेपर सुचवला आहे. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन, त्यामुळे आतल्या पानांचं वजन सरळ गुणाकाराने ४०४ ग्रॅम येतं. कव्हरचे सुमारे २७ ग्रॅम आणि पॅकिंगचे ८० ग्रॅम धरले की पाकीट ५११ ग्रॅमचं होतं. टप्पा ओलांडला!

तेच ११५ जीएसएमवर छापलं तर आतली पानं ३५८ ग्रॅमची होतात आणि पाकीट ४६५ ग्रॅममध्ये बसतं. छायाचित्रांसाठी ११५चा मॅट आर्ट पेपर चालतो. मागच्या पानावरचं चित्र किंचित जाणवेल असं वाटलं तर छापखान्याकडून दोन्ही बाजूंनी छापलेला नमुना मागवून उजेडात धरून बघा. कागद उतरवायचा नसेल तर १४४ऐवजी १२८ पानं करा. सोळा पानांचा एक फॉर्म असतो, त्यामुळे पानं सोळाच्या पटीतच कमी होतात. तसं केलं तर १३० जीएसएम ठेवूनही पाकीट ४६६ ग्रॅमचं होतं. हा निर्णय मांडणी सुरू व्हायच्या आधी घ्यायचा असतो. नंतर तो घेताच येत नाही.

दुसरी खोच आकारमानाच्या वजनाची. कुरिअर कंपन्या लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून त्याला बहुधा ५०००ने भागतात आणि येणारे किलो प्रत्यक्ष वजनापेक्षा जास्त असतील तर त्यांचेच पैसे लावतात. पोस्टर भेट म्हणून द्यायचं अनेकांच्या मनात येतं. साठ सेंटिमीटर लांब, आठ बाय आठच्या नळीचं आकारमान ३८४०, म्हणजे पाऊण किलोहून जास्त, आणि आतलं पोस्टर शंभर ग्रॅमचंही नाही. त्यापेक्षा पुस्तकाच्याच पाकिटात सपाट बसतील अशा ए-फाइव्ह आकाराच्या प्रिंट द्या. आपल्या उदाहरणात तसंच केलं आहे.

टपाल खात्याची ज्ञान पोस्ट ही पुस्तकांसाठीची स्वस्त सेवा मे २०२५मध्ये सुरू झाली. सुरुवातीचे दर ३०० ग्रॅमला २० रुपयांपासून पाच किलोला १०० रुपयांपर्यंत होते, कर वेगळा. त्यात फक्त छापील पुस्तकं जातात आणि पुस्तकावर मुद्रक किंवा प्रकाशकाचं नाव असावं लागतं. नुसत्या पुस्तकासाठी ती जरूर वापरा, पण बजेट मात्र कुरिअरच्या दराने करा. ज्ञान पोस्टमध्ये वाचलेले पैसे शिल्लक म्हणून कामाला येतील. उलटं केलंत, म्हणजे बजेट स्वस्त दराने आणि पाठवणी महाग दराने, तर तो फरक तुमच्या खिशातून जाईल.

एकदाच होणारा खर्च

सहभागी पन्नास असोत की पाचशे, हे पैसे लागणारच:

- छायाचित्रण आणि रंगसुधारणा: ५०,०००
- संपादन आणि मुद्रितशोधन: २०,०००
- मांडणी आणि मुखपृष्ठ: ३०,०००
- मोहिमेचा व्हिडिओ, पोस्टर, एक नमुना प्रत: १५,०००
- कारागिरांचं मानधन: १५,०००

एकूण १,३०,०००. आयएसबीएन फुकट मिळतो, फक्त अर्ज वेळेत करायचा. मानधनाची ओळ बहुतेक बजेटांत नसते, आणि कुणाच्या कामावर पुस्तक काढताना ती नसणं बरं दिसत नाही.

छपाईचं कोटेशन ५०० प्रतींचं घेतलं, दर प्रतीला २०० रुपये, म्हणजे १,००,०००. कोटेशन घेताना दोन गोष्टी लिहून मागा: दर जीएसटीसह आहे का, आणि पन्नास प्रती वाढवल्या किंवा निम्म्याच छापल्या तर काय पडेल. ऑफसेट छपाईत प्लेट्स आणि मशीन लावण्याचा खर्च सुरुवातीलाच होतो. म्हणून ५००वरून २५०वर आलात तरी बिल निम्मं होत नाही. दर प्रतीला २००वरून ३००च्या आसपास चढतो. उद्दिष्ट चुकल्यावर काय होतं ते बघताना हा आकडा परत लागेल.

५०० प्रती विकायला मिळत नाहीत. पुस्तक प्रदान कायद्यानुसार चार प्रती सार्वजनिक ग्रंथालयांना पाठवायच्या असतात. कारागीर, अभिप्राय लिहिणारे आणि गटातले लोक यांच्यासाठी ४० धरा. बांधणीत खराब निघालेल्या आणि वाटेत खराब होणाऱ्या १५. म्हणजे ५९ प्रती बाजूला, हातात ४४१.

भेटी आणि प्रत्येक भेटीचा खर्च

तीन-चारपेक्षा जास्त भेटी ठेवू नका. प्रत्येक नवी भेट म्हणजे पॅकिंगचा नवा आकार, नवं वजन आणि चुकीच्या माणसाला चुकीचं पाकीट जाण्याची नवी शक्यता. टी-शर्ट तर अजिबात नको: मापं विचारा, मापं बदलून द्या, उरलेल्या मापांचं काय करायचं ते शोधा.

| भेट | किंमत | अपेक्षित संख्या | जमा | पाठवणीचा खर्च (एकाचा) |
|---|---|---|---|---|
| पुस्तकात नाव | १०० | ५० | ५,००० | ० |
| एक पुस्तक | ६५० | २५० | १,६२,५०० | ९५ |
| पुस्तक + सहा प्रिंट | १,२०० | ८० | ९६,००० | २१० |
| वाचनालय संच, ५ प्रती | ३,००० | १५ | ४५,००० | २४० |

एकूण जमा ३,०८,५००. पाठवणीचा खर्च असा बसवला आहे. एका पुस्तकाला पॅकिंग २५ आणि कुरिअर ७०. प्रिंटच्या भेटीत सहा प्रिंट छापायला ८०, त्या वाकू नयेत म्हणून पुठ्ठा धरून पॅकिंग ३०, आणि पाकीट ५०० ग्रॅमच्या वर गेल्यामुळे कुरिअर १००. वाचनालय संचाला खोका ६० आणि कुरिअर १८०. सगळा मिळून ४४,१५० रुपये होतात.

पत्ता चुकला, माणूस घरी नव्हता, कोपरा चेपला, कागद महागला: या सगळ्यासाठी छपाई आणि पाठवणी यांच्या बेरजेवर दहा टक्के राखीव ठेवा, म्हणजे १४,४१५. परत आलेलं पाकीट पुन्हा पाठवताना कुरिअरचे पैसे दुसऱ्यांदा लागतात आणि काही कंपन्या परत आणण्याचेही वेगळे लावतात. एखादा हजार राखून भागत नाही.

आता बेरीज: १,३०,००० + १,००,००० + ४४,१५० + १४,४१५ = २,८८,५६५ रुपये. एवढे पैसे प्रत्यक्ष हातात यायला हवेत.

फी: बेरीज नको, भागाकार करा

प्लॅटफॉर्मची फी आणि कार्ड-यूपीआयचे पैसे स्वीकारून देणाऱ्या पेमेंट गेटवेची फी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्हींवर १८ टक्के जीएसटी लागतो. इथे प्लॅटफॉर्मची ८ टक्के आणि गेटवेची २ टक्के धरली आहे. मिळून १० टक्के, त्यावर कर धरला की ११.८ टक्के. तुमच्या प्लॅटफॉर्मचे खरे आकडे करारात बघा, जाहिरातीच्या पानावर नाही. मोहीम नोंदवण्याची किंवा ‘मार्गदर्शना’ची वेगळी फी आहे का, ती परत मिळते का, हेही तिथेच कळेल.

फी जमलेल्या एकूण रकमेवर कापली जाते, तुमच्या खर्चावर नाही. म्हणून खर्चात ११.८ टक्के मिळवून उद्दिष्ट काढलं तर ते कमी पडतं. तसं केलं तर ३,२२,६१५ येतात, पण त्यातून फी गेल्यावर हातात २,८४,५४६च उरतात. चार हजार कमी. बरोबर रीत ही, स्प्रेडशीटच्या B20 या घरात एकूण खर्च असेल तर:

```
=B20/(1-0.118)
```

उत्तर ३,२७,१७१. हे खरं उद्दिष्ट. जीएसटी भरला तर तो पुढे वळता होईल ना, असा प्रश्न हिशेब कळणारा कुणीतरी विचारतो. छापील पुस्तकावर जीएसटी शून्य आहे, त्यामुळे छपाईवर, फीवर आणि कुरिअरवर भरलेला कर वळता करून घेता येत नाही. तो निव्वळ खर्चच धरायचा.

हिशेब जुळत नाही तेव्हा

आपल्याला ३,२७,१७१ हवेत आणि भेटींच्या तक्त्यातून येतात ३,०८,५००. हे कागदावर असतानाच कळलं ते चांगलं झालं. अशा वेळी सगळ्यात वाईट उपाय म्हणजे तक्त्यातले २५० लोक २८० करणं. आकडा जुळतो, पण ते तीस जण कुठून येणार याचं उत्तर कुणाकडे नसतं. अपेक्षित संख्या ही तुमच्या फोनमधल्या, शाळेच्या गटातल्या, संगीत मंडळातल्या, वाचनालयातल्या प्रत्यक्ष माणसांच्या यादीतून यायला हवी. यादीतल्या दहांपैकी दोघं-तिघं पैसे देतील असं धरा, आणि तेही आठवण करून दिल्यावर.

इथे किमती हलवल्या: पुस्तक ७००, प्रिंटसह १,२५०, वाचनालय संच ३,३००. लोक तेवढेच धरून जमा ३,२९,५०० होते आणि फी जाऊन हातात २,९०,६१९ येतात. खर्च भागतो, दोन हजार उरतात. जाहीर उद्दिष्ट ३,३०,००० ठेवलं.

मग एक ताण देऊन बघा: सगळ्यांनी फक्त ७००चं पुस्तकच घेतलं तर? ३,३०,०००साठी ४७२ जण लागतील. पाठवणीचा खर्च जवळपास तेवढाच राहतो, पण प्रती? हातात ४४१च होत्या. उद्दिष्ट पूर्ण झालं आणि एकतीस जणांना द्यायला पुस्तक नाही! म्हणून छापखान्याकडून पन्नास जादा प्रतींचा दर आधीच घेऊन ठेवायचा आणि ऑर्डर मोहीम संपून भेटींची यादी हातात आल्यावरच द्यायची. प्लेट्स लागलेल्या असताना पन्नास प्रती वाढवणं स्वस्त पडतं, नंतर पुन्हा छापणं परवडत नाही.

परदेशातल्या मराठी लोकांना ई-प्रत द्या, किंवा टपालखर्च वेगळा घेऊन छापील. ७०० रुपयांच्या भेटीत परदेशी टपाल बसवायला गेलात तर तेच पुस्तकापेक्षा महाग पडेल.

उद्दिष्ट चुकलं तर

प्लॅटफॉर्मवर साधारण दोन पद्धती असतात. एक, पूर्ण जमलं तरच पैसे मिळतात, नाहीतर सगळे परत जातात. दुसरी, जमेल तेवढं ठेवता येतं. नवख्याला दुसरी सुरक्षित वाटते. आपल्या उदाहरणात ती कशी अंगावर येते ते बघा.

समजा मुदत संपली तेव्हा दीड लाख जमले: १०० रुपयांचे १२ जण, पुस्तकाचे १२०, प्रिंटसह ३६, वाचनालय संच ६. फी जाऊन हातात १,३२,३००. आता १८६ प्रती द्यायच्या आहेत आणि बाजूच्या ५९ वेगळ्या, म्हणजे २५० छापायला हव्यात. त्या ३०० रुपयांनी ७५,००० होतात. पाठवणी २०,४००. उरतात ३६,९००, आणि एकदाच होणारा खर्च मात्र १,३०,०००च आहे, त्यातला एक रुपयाही कमी झालेला नाही. म्हणजे ९३,१०० रुपये घालून पुस्तक काढायचं. राखीव रक्कम तर धरलेलीच नाही.

मग पैसे परत करू, असं म्हणावं तर परत करायचे आहेत दीड लाख आणि हातात आहेत १,३२,३००. फी प्लॅटफॉर्मने आणि गेटवेने घेतलेली आहे, ती बहुधा परत येत नाही. १७,७०० खिशातले. काढा तरी तोटा, सोडा तरी तोटा.

तेव्हा एकदाच होणारा खर्च मोठा असेल तर ‘पूर्ण जमलं तरच’ हीच पद्धत घ्यावी. ‘जमेल तेवढं’ ही तुकड्यातुकड्याने करता येणाऱ्या कामाला शोभते. वीस जुने तंबोरे दुरुस्त करायचे आहेत, पैसे नऊचे जमले, नऊ दुरुस्त केले, कुणाचं देणं राहिलं नाही.

‘पूर्ण जमलं तरच’ या पद्धतीतही चुकलेल्या मोहिमेचा खर्च शून्य नसतो. व्हिडिओ आणि नमुना प्रतीचे १५,००० गेलेले असतात, आणि नमुन्याच्या छायाचित्रांवर समजा १२,००० केलेले असतात. हे २७,००० मोहिमेआधी गटाने आपसांत घालायचे आणि बुडाले तरी चालतील असेच घालायचे. मोहीम यशस्वी झाली तर ते बजेटमधूनच परत मिळतात. छायाचित्रांचं संपूर्ण काम मोहिमेआधी करून ठेवण्याचा मोह होतो, तो टाळा.

पैसे परत कसे जातात हे प्लॅटफॉर्मला लेखी विचारा. किकस्टार्टरवर कार्डातून पैसे मोहीम यशस्वी झाल्यावरच कापले जातात, त्यामुळे परतीचा प्रश्न येत नाही. आपल्याकडे यूपीआयने पैसे लगेच कापले गेले असतील तर ते परत पाठवावे लागतात. ते किती दिवसांत जातील, मूळ खात्यातच जातील का, आणि परतीच्या व्यवहारावर कापलेली गेटवेची फी कुणाच्या माथी, हे तीन प्रश्न. तिसऱ्याचं उत्तर गोलमोल आलं तर दुसरा प्लॅटफॉर्म बघा. काही जण प्लॅटफॉर्म टाळून थेट आपल्या यूपीआयवर पैसे घेतात. फी वाचते, पण मोहीम चुकली की दीडशे-दोनशे लोकांना एकेक करून तुम्हीच पैसे परत करायचे, आणि कुणी दिले ते ओळखायचं ‘९८…’ने सुरू होणाऱ्या नंबरांवरून.

मुदत संपायला आठवडा असताना २,७०,०००वर अडकलात तर गटातल्याच कुणी उरलेले ६०,००० टाकून उद्दिष्ट पूर्ण करावं का? अनेक प्लॅटफॉर्म स्वतःच्या मोहिमेत स्वतः पैसे घालायला मनाई करतात, ते आधी वाचा. हिशेबाने बघितलं तर त्या साठ हजारांवर ७,०८० रुपये फी जाते. म्हणजे स्वतःचेच पैसे फी भरून परत घ्यायचे. त्यापेक्षा वाचनालयं आणि संगीत विद्यालयांकडे जाऊन ३,३००चे संच खपवा. अठरा-एकोणीस संचांत साठ हजार होतात. फक्त एका संचात पाच प्रती जातात, म्हणजे ९०-९५ प्रती एकदम कमी होतील. प्रतींची मोजणी तिथल्या तिथे पुन्हा करा.

कर आणि तारखा

फक्त पुस्तकं, म्हणजे फक्त करमुक्त वस्तू विकणाऱ्याला जीएसटी नोंदणी लागत नाही. भेटीत प्रिंट, कापडी पिशवी, कॅलेंडर आलं की तुम्ही ‘फक्त करमुक्त’ राहत नाही. प्लॅटफॉर्मवरून आणि राज्याबाहेर विक्री होत असेल तर उलाढाल लहान असूनही नोंदणीचा प्रश्न उभा राहू शकतो. आपल्या उदाहरणातली सहा प्रिंटची भेट नेमकी इथे अडकते. ती स्वतंत्र प्रिंट न ठेवता पुस्तकाच्याच विशेष आवृत्तीचा भाग करता येईल का, हे भेटी जाहीर करायच्या आधी सीएला विचारा. त्याची फी बजेटमध्ये धरलेली नाही, राखीव रकमेतून जाईल.

जमलेले पैसे हे विक्रीपोटी आलेले आहेत, म्हणून आयकराच्या हिशेबात ते येतात आणि त्यातून खर्च वजा होतो. पैसे फेब्रुवारी-मार्चमध्ये आले आणि छपाईचं बिल जूनमध्ये झालं, तर जमा एका आर्थिक वर्षात आणि खर्च दुसऱ्यात अशी कटकट होते. शक्यतो जमा आणि छपाई ३१ मार्चच्या एकाच बाजूला ठेवा. गटाचं वेगळं बँक खातं असावं आणि मोहिमेवर दिलेलं नाव, पॅन आणि खात्यावरचं नाव तंतोतंत जुळावं. आद्याक्षर आणि पूर्ण नाव एवढ्या फरकानेही पैसे अडकतात, आणि तोवर छापखाना निम्मी रक्कम आगाऊ मागत असतो.

पाठवणी जुलै-ऑगस्टमध्ये नको. कृष्णेला पाणी चढलं की सांगली-मिरजेचे रस्ते बंद पडतात (२०१९ आणि २०२१ अजून कुणी विसरलेलं नाही), कुरिअर थांबतं आणि दमट हवेत आर्ट पेपरची पानं एकमेकांना चिकटतात. पाचशे प्रती म्हणजे जवळपास १९० किलो कागद. तो वरच्या मजल्यावर, भिंतीपासून थोडा लांब आणि फळ्यांवर ठेवा. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मोहीम, दिवाळीनंतर छपाई आणि जानेवारीत पाठवणी हा क्रम बसतो. मोहिमेच्या पानावर मात्र फेब्रुवारीअखेर लिहा.

पत्ते मोहीम सुरू असताना नव्हे, पाठवणीच्या तीन आठवडे आधी मागवा. मधल्या तीन-चार महिन्यांत लोक घर बदलतात, विद्यार्थी वसतिगृह सोडतात. पिनकोड आणि चालू मोबाईल नंबर ही दोन घरं रिकामी असतील तर अर्ज पुढे जाऊच नये असा फॉर्म करा. पहिल्या दिवशी वीसच पाकिटं पाठवा, जवळची दहा आणि नागपूर, बेळगाव, पुणे अशी लांबची दहा. ती पोहोचल्यावर मिळालेल्यांकडून पाकिटाचे फोटो मागवा. कोपरे चेपलेले दिसले तर उरलेल्या पाकिटांत पुठ्ठ्याचा आणखी एक थर घाला आणि तराजूवर परत एकदा ५०० ग्रॅमच्या आत आहे ना ते बघा.